तेरीज जुळली, तरी वही पूर्ण आहे का?

दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप रोज रात्री होतो, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. ती प्रत परत उघडून पाहावी लागते. ही परीक्षा मात्र चालू संगणकावर करू नये. जुनी प्रत नव्या नोंदींवर बसून त्या पुसल्या जाण्याचा धोका असतो. त्यासाठी वेगळा संगणक घ्यावा.

समजा, एका कापड दुकानात रात्री नऊला बॅकअप घेण्यापूर्वी वर्षाच्या विक्रीबिलांची संख्या, १,२४८, आणि शेवटचा बिल क्रमांक कागदावर टिपून ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रत उघडली. तेरीज जुळली, पण बिले १,२११च निघाली. नोंद गळते तेव्हा तिच्या जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू एकदम गळतात. म्हणून अपुऱ्या वहीचीही तेरीज जुळते. खरी साक्ष बिलांची संख्या आणि शेवटचा क्रमांकच देतात. शोध घेता कळले, की हिशेब नव्या फोल्डरमध्ये हलवला होता आणि बॅकअप जुन्याचाच होत होता.

वेळही मोजावा, तो संगणक बंद पडल्यापासून पहिले बिल छापेपर्यंतचा. प्रत भरायला वीस मिनिटे लागली, तरी प्रोग्राम बसवण्यात व पासवर्ड शोधण्यात तीन तास जाऊ शकतात. शिवाय बिघाड दुपारी चारला झाला, तर त्या दिवशीची बिले प्रतीत नसतातच; ती कागदावरून पुन्हा चढवण्याचा वेळही त्यात धरावा.