अर्ध्या तासात टाकी? आकडा पुन्हा मांडा

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात विहिरीवर मोटर बसवताना शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, ‘पाणी किती खोलवरून उचलायचं?’ मुलांच्या शिक्षणासाठी वाशीमला फ्लॅट घेताना तोच माणूस हा प्रश्न विसरतो. बिल्डरच्या आराखड्यात ‘टाकी 10,000 लिटर, भरण्याची वेळ 30 मिनिटं, मोटर 1 एचपी’ असं छापलेलं असतं आणि त्याखाली सगळे सह्या करतात.

उदाहरण म्हणून खाली पार्किंग आणि वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं अशी इमारत घेऊ. 16 घरांत घरटी पाच माणसं धरली तर 80 होतात. माणशी रोज 135 लिटर हे आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण. म्हणजे दिवसाला 10,800 लिटर लागतील. टाकीचा आकार ठीक आहे. गडबड पुढे आहे.

10,000 लिटर अर्ध्या तासात चढवायचे तर सेकंदाला साधारण साडेपाच लिटर पाणी लागतं. आराखड्यातला हिशेब असा: जमिनीपासून गच्ची 15 मीटर, 5.56 गुणिले 9.81 गुणिले 15, उत्तर 818 वॅट, म्हणजे 1.1 एचपी. म्हणून मोटर 1 एचपी. गुणाकार बरोबर आहे, पण मांडणी तीन ठिकाणी चुकली आहे.

पहिली चूक उंचीची. मोटर पाणी जमिनीवरून नाही, संपच्या तळाकडून उचलते. संप अडीच मीटर खोल. गच्चीवरच्या चौथऱ्यावर टाकी, आणि पाणी पडतं ते टाकीच्या तोंडातून, म्हणजे गच्चीच्या वर आणखी साडेतीन मीटर. बेरीज 21 मीटर.

दुसरी चूक पाईपच्या घर्षणाची. आराखड्यात 40 मिमीचा पाईप दाखवला आहे. सेकंदाला साडेपाच लिटर त्यातून ढकलायचे तर पाण्याचा वेग साडेचार मीटरच्या आसपास जातो. अशा लाईनमध्ये दीड-दोन मीटरच्या पुढे जाऊ नये. एल्बो, व्हॉल्व्ह धरून लाईनची लांबी 40 मीटर मानली, तर घर्षणातच सुमारे 19 मीटर हेड खर्ची पडतं. म्हणजे इमारतीवर जवळजवळ दुसरी इमारत चढवल्यासारखं झालं.

तिसरी चूक कार्यक्षमतेची. पंपाला दिलेली सगळी वीज पाण्यात उतरत नाही. लहान घरगुती पंप चाळीस टक्क्यांच्या आसपास, मोठे पन्नासच्या पुढे काम करतात. एकूण हेड 40 मीटर आणि पन्नास टक्के धरले तर हिशेब जातो सहा एचपीच्या घरात. त्याला थ्री-फेज जोडणी हवी. पाईप 65 मिमीचा केला तर घर्षण दोन मीटरच्या आत येतं, पण तरीही साडेतीन एचपी लागतात.

माझं मत विचाराल तर मोटर वाढवू नका, वेळ वाढवा. अर्धा तास हा हट्ट कुणाचा? दिवसभरात दोन तास मोटर चालली तरी कुणाचं काही अडत नाही. दोन तासांत 10,000 लिटर म्हणजे तासाला 5,000; त्याच 40 मिमी पाईपमध्ये घर्षण दीड मीटरवर येतं आणि एकूण हेड साडेबावीस. चाळीस टक्क्यांनी मागणी भरते 1 एचपीच्या किंचित वर. आराखड्यातला 1 एचपी अगदीच खोटा नव्हता, खोटा होता अर्धा तास! व्होल्टेज पडतं हे धरून दीड एचपी घ्यावा.

दुकानात ‘दीड एचपी द्या’ एवढंच म्हणू नका. पंपाच्या पाटीवर सर्वांत जास्त हेड आणि सर्वांत जास्त विसर्ग असे दोन आकडे असतात. ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कंपनीच्या तक्त्यात साडेबावीस मीटरच्या ओळीत तासाला 5,000 लिटर दिसतात का, ते पाहावं.

एवढं करूनही संप रिकामा असेल तर वरची टाकी कशी भरणार? वाशीम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणी येतं, आणि नळाचं पाणी चोवीस तास नसतं. अर्ध्या इंचाच्या जोडणीतून मिनिटाला 15 लिटर मिळाले, तर तासाला फक्त 900. दहा हजारांसाठी अकरा तास लागतील. नळ दोन तास सुटला तर 1,800 लिटर संपमध्ये पडतील. दिवसाच्या 10,800 मधल्या उरलेल्या 9,000 लिटरचं उत्तर बोअर किंवा टँकर. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून येतं, त्यामुळे शेजारच्या बोअरवरून अंदाज बांधू नये. स्वतःच्या बोअरची चाचणी मे महिन्यात घ्यावी.

नळाची चाचणी त्याहून सोपी. 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. 80 लागले तर मिनिटाला 15 लिटर. हा आकडा आराखड्यात कुठेच नसतो. पाईप शाफ्टमध्ये बंद होण्याआधी, म्हणजे प्लास्टर व्हायच्या आत, हेड, पाईपचा व्यास आणि हा आकडा असे तिन्ही लेखी मागून घ्यावेत.