दारातली थंडी

गड्ड्याच्या दिवसांत सोलापुरात पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर उतरला, की आपल्या घरांत स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात. याच सवयीने, न्यू जर्सीत लेकीकडे असताना, दोन अंश तापमानात मी सुती बनियन, लोकरी स्वेटर व जाड जॅकेट चढवून जावयांसोबत धावावयास निघालो. दारात छान ऊब वाटली. दोन किलोमीटरांत बनियन घामाने चिंब झाले. दम घेण्यासाठी थांबलो आणि वारा लागताच दात वाजू लागले.

जावई म्हणाले, "बाबा, धावताना शरीरच शेगडी होते. बाहेर दहा अंश अधिक आहेत असे समजून कपडे घालावेत."

दुसऱ्या दिवशी पायांत टाइट्स, अंगात घाम न धरणारा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर वारा अडवणारे पातळ विंडचीटर आणि हातांत पातळ हातमोजे एवढेच घातले. दारात चक्क कुडकुडलो! दहा मिनिटांत मात्र अंग बेताचे तापले. तेव्हा हातमोजे खिशात गेले, विंडचीटरची चेन अर्धी उघडली. जाताना वारा समोरून घेतला, कारण घामेजलेल्या अंगावर परतताना तो पाठीशी असलेला बरा. विंडचीटर रेनकोटासारखे कोंदट नसावे. घाम आतच साचला तर पुन्हा तेच हाल.

आता सोलापुरी पहाटेला मला साधा टी-शर्ट पुरतो. हातमोजे तेवढे कधीतरी, पहिल्या किलोमीटरापुरते.