आजीव वर्गणीचा फसवा वाढावा

क्लबच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष मोठा वाढावा वाचून दाखवतात, टाळ्या होतात आणि त्याच बैठकीत नव्या बॅडमिंटन कोर्टाचा ठराव मंजूर होतो. हा वाढावा पुष्कळदा येणाऱ्या वर्षांचा असतो, चालू वर्षाचा नव्हे.

समजा, एका क्लबची वार्षिक वर्गणी १,८०० रुपये असून सभासद १५० आहेत. ३१ मार्चपर्यंत वर्गणीपोटी ३,२४,००० रुपये आले. त्यांपैकी ३० सभासदांनी पुढील वर्षाची वर्गणी मार्चमध्येच भरली. ते ५४,००० रुपये या वर्षाचे उत्पन्न नव्हेत. ते ताळेबंदात देणे बाजूस ‘आगाऊ मिळालेली वर्गणी’ म्हणून राहतात आणि १ एप्रिलनंतर नव्या वर्षाच्या उत्पन्नात जातात. ग्राहकाने इसार दिला म्हणून विक्री झाली, असे आपल्या पेढीवर कोणी लिहीत नाही, न्याय तोच. ताळा सोपा आहे. उत्पन्नात दाखवलेल्या वर्गणीस दराने भागावे. उत्तर १८० आले आणि सभासद १५० असले, की आगाऊ रक्कम उत्पन्नात मिसळली हे उघड झाले.

खरी गफलत आजीव वर्गणीची. याच क्लबने एप्रिलमध्ये ४० जणांना प्रत्येकी १५,००० रुपये घेऊन आजीव सभासद केले. सहा लाख आले. परंतु हे चाळीस जण यापुढे एक पैसाही न देता क्लबचे दिवे, पाणी, कोर्ट वापरणार. म्हणून ती रक्कम ‘आजीव सभासद निधी’त टाकून, सरासरी सभासदत्व पंधरा वर्षांचे धरल्यास, दरवर्षी ४०,००० रुपयेच उत्पन्नात घ्यावेत. कालावधी सभासदांची वये आणि जुनी नोंदवही पाहून ठरवावा. तूट झाकण्यासाठी तो मध्येच बदलू नये. काही संस्था मूळ निधी तसाच राखून केवळ व्याज वापरतात. माझ्या मते लहान क्लबास तेच अधिक निर्धोक, मात्र व्याजावर भागले पाहिजे.

आता खर्च ३,३०,००० रुपये धरा. सारी जमा उत्पन्न मानली, तर वाढावा ५,९४,००० दिसतो. योग्य विभागणी केल्यास उत्पन्न २,७०,००० अधिक ४०,०००, म्हणजे ३,१०,००० होते आणि वीस हजारांची तूट निघते! कोर्टाचा ठराव करण्याआधी सभेला हा आकडा कळावयास हवा.

प्रत्येक आजीव सभासदाचे स्वतंत्र खाते मात्र ठेवावे लागते. पाच वर्षे पूर्ण करून एखादा सभासद निवर्तला आणि नियमांत परतावा नसेल, तर त्याचे उरलेले १०,००० रुपये त्या वर्षी उत्पन्नात घेता येतात. खात्यांची यादी नसली, की निधीत कोणाचे किती उरले हे कोणासच सांगता येत नाही. पहिल्या वर्षाअखेर निधीत ५,६०,००० रुपये शिल्लक असावयास हवेत. तपासनिसाने एवढ्या मुदत ठेवीच्या पावत्या मागाव्यात. निधी कागदावर आणि पैसा कोर्टाच्या फरशीत, असा प्रकार तेथेच उघडकीस येतो.