नंबर कुठून मिळाला?

व्यापारी संघटनांचे, औद्योगिक वसाहतींचे, प्रदर्शनात भेटलेल्या मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता प्रत्येक लहान उद्योजकाच्या फोनमध्ये आहेत. ग्रुपची सदस्ययादी उघडली की शेकडो नंबर समोर येतात आणि त्यातले बरेच जण आपल्या मालाचे गिऱ्हाईक होऊ शकतात. मग कोणीतरी ते नंबर उतरवून घेतो आणि एकेकाला कॅटलॉग पाठवायला लागतो. आज याच सवयीबद्दल लिहायचं आहे. या एका घाईमुळे चांगला माल बनवणारी माणसं चांगली गिऱ्हाइकं गमावतात, असं माझं ठाम मत आहे.

समजा, भोसरीत कोरुगेटेड बॉक्स बनवणाऱ्या एका कारखानदाराला तासगावचा एक बेदाणा व्यापारी गिऱ्हाईक म्हणून हवा आहे. कारखानदाराकडे सांगण्यासारखं खरोखर काहीतरी आहे. बेदाणा १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून शीतगृहात थरावर थर रचून ठेवतात. तिथल्या दमट हवेत कागद ओलावा धरतो, बॉक्सची ताकद उतरते आणि खालच्या थरातले बॉक्स दबतात. यावर त्याच्याकडे उपाय आहे. व्यापाऱ्याचा नंबर मात्र त्याला एका ग्रुपमधून मिळाला आहे. व्यापाऱ्याने तो स्वतःहून दिलेला नाही.

आता व्यापाऱ्याच्या बाजूने पाहू. अनोळखी नंबरचा मेसेज उघडला की व्हॉट्सअ‍ॅप त्याच्यासमोर लगेच पर्याय ठेवतं: ब्लॉक करा, रिपोर्ट करा किंवा नंबर जतन करा. रिपोर्ट केलं तर त्या नंबरवरून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. मेसेज उघडण्याआधी त्याला दिसतात ते फक्त सुरुवातीचे काही शब्द. ते ‘आम्ही भोसरीतील नामांकित उत्पादक’ असे असतील तर पुढचं कोणी वाचत नाही. नुसतं ‘हाय’ लिहून उत्तराची वाट पाहणं तर आणखी वाईट, कारण समोरच्याला कामाचं काहीच न सांगता उत्तर द्यायला लावणं झालं. व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न मालाचा येतच नाही. याला माझा नंबर कुठून मिळाला, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर मेसेजमध्ये नसेल तर बोट ब्लॉककडे जातं.

व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायांसाठीचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. ज्याने स्वतःचा नंबर तुम्हाला दिला आहे आणि मेसेज पाठवायला परवानगीही दिली आहे, त्यालाच तुम्ही मेसेज करू शकता. दोन्ही गोष्टी लागतात. मोठ्या कंपन्या ज्या बिझनेस प्लॅटफॉर्मवरून मेसेज पाठवतात, तिथे गिऱ्हाइकाने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तासच मोकळेपणाने बोलता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला मजकूरच जातो. लहान उद्योजकाच्या साध्या बिझनेस अ‍ॅपवर अशी भिंत नाही, म्हणून सगळं चालतं असा समज होतो. पण लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट करायला सुरुवात केली की खातं बंद होऊ शकतं. त्याच नंबरवर जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी येत असतात, हे तेव्हा लक्षात येतं.

‘डीएनडीत नोंद नाही ना, मग पाठवा,’ असा सल्लाही ऐकू येतो. १९०९ क्रमांकाची ती व्यवस्था फोन कॉल आणि एसएमएससाठी आहे. व्हॉट्सअ‍ॅप तिच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे नोंद असण्या-नसण्यावरून परवानगी ठरत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, माणसाने स्वतःच जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे. दुकानाच्या पाटीवर मालकाने छापलेला नंबर आणि संघटनेच्या ग्रुपमध्ये दिसलेला नंबर यांच्यातला फरक इथे कळतो. पाटीवरचा नंबर त्याने कामासाठी लोकांसमोर ठेवला आहे. ग्रुपमधला नंबर त्याने संघटनेच्या कामापुरता दिला आहे. तो जाहीर केला, असं मी तरी म्हणणार नाही.

मग भोसरीच्या कारखानदाराने करायचं काय? सगळ्यात चांगला मार्ग ओळखीतून जातो, पण आपण बहुतेक वेळा तो उलटा वापरतो. दोघांच्या ओळखीचा पुठ्ठ्याचा एखादा दलाल किंवा शीतगृहाचा व्यवस्थापक असेल, तर त्याच्याकडून नंबर मागायचा नाही. त्याला दोन ओळी लिहून द्यायच्या आणि त्या व्यापाऱ्याला पाठवायला सांगायचं. व्यापाऱ्याला गरज वाटली तर तोच मेसेज करेल. सोय म्हणून त्या ओळींखाली wa.me ने सुरू होणारी आपल्या नंबरची लिंक द्यावी, म्हणजे नंबर जतन न करताही त्याला थेट लिहिता येतं. पहिला मेसेज त्याच्याकडून आला की नंबर कुठून मिळाला हा प्रश्नच उरत नाही.

असा कोणी मधला माणूस नसेल, तर पेढीचा जो फोन पाटीवर किंवा बिलावर छापलेला असतो त्यावर कामाच्या वेळेत फोन करावा. सौदे चालू असताना करू नये. स्वतःचं नाव, गाव आणि काम एका वाक्यात सांगावं आणि विचारावं, “शेठ, बॉक्सची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर चालेल का? कोणत्या नंबरवर पाठवू?” त्याने नंबर सांगितला की नंबरही मिळाला आणि परवानगीही. तो ‘नको’ म्हणाला तर तेही अर्ध्या मिनिटात कळलं.

मधल्या माणसाने व्यापाऱ्याला विचारून नंबर दिला असेल, तर पहिला मेसेज साधारण असा असावा:

“नमस्कार शेठ. शीतगृहाच्या व्यवस्थापकांनी तुम्हाला विचारून हा नंबर दिला. मी भोसरीत कोरुगेटेड बॉक्स बनवतो. शीतगृहात खालच्या थरातले १५ किलोचे बॉक्स दबतात, त्याबद्दल एक गोष्ट दाखवायची होती. इथे पाठवू का? नको असेल तर तसं कळवा, पुन्हा मेसेज करणार नाही.”

प्रत्यक्षात व्यवस्थापकांचं आणि तुमचं नाव तिथे असलंच पाहिजे. कोणी दिला ते सगळ्यात आधी, मग मी कोण, मग त्याच्याच धंद्यातली एक नेमकी अडचण आणि शेवटी परवानगी. दर नाही, पीडीएफ नाही, फोटो नाही, आवाजी मेसेज तर अजिबात नाही, कारण अनोळखी माणसाचं बोलणं सौद्याच्या गर्दीत कोणी कानाला लावत नाही. थेट व्हॉट्सअ‍ॅप कॉल किंवा न विचारता आपल्या ‘ऑफर’च्या ग्रुपमध्ये घालणं, हे मी उद्धटपणातच मोजतो.

उत्तर आलं नाही तर? एकच टिक बरेच दिवस राहिली तर फोन बंद असेल किंवा त्याने ब्लॉक केलं असेल. यातलं नक्की काय, ते टिकवरून ठरवता येत नाही. दोन टिक आल्या आणि उत्तर नसेल तर मेसेज पोचला आहे. दोन्ही वेळा पुन्हा लिहू नये. दोन दिवसांनी ‘मेसेज पाहिलात का?’ विचारणारे बरेच असतात, पण ज्याने स्वतःहून नंबर दिला नव्हता त्याच्याकडे ही विचारणा करायचा हक्क आपल्याला नाही. पुढच्या हंगामाआधी मधल्या माणसाकडूनच पुन्हा विषय काढता येतो.

तुमच्या फोनमधली ‘नवे गिऱ्हाईक’ ही यादी आज एकदा पाहा. ज्या नावापुढे ‘हा नंबर मला यांनी, यासाठी दिला’ असं एका वाक्यात लिहिता येत नाही, ते नाव यादीतून काढा आणि त्या पेढीला फोन करा.