पपईला सरसकट बंदी नको, पण कच्च्या पपईची वकिलीही नको



पपईची तोडणी चालू झाली की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतं, पोटुशी बाईनं पपईला हातसुद्धा लावू नये. दुसरा बहुतेक आपलाच भाऊबंद, पपई लावणारा. तो म्हणतो, ही सगळी म्हाताऱ्यांची अंधश्रद्धा, कच्ची-पिकी काय पण खा, काही होत नाही. मला दोघांशी भांडायचंय, आणि आपल्या माणसाशी जरा जास्त.

भांडण पपईचं नाहीच, चिकाचं आहे. हिरव्या फळाला नख लावा, दुधासारखा घट्ट पांढरा चीक लगेच टपकतो. तोडणीच्या मजुरांना विचारा, उघड्या हातानं दिवसभर काम केलं की बोटांची आग होते, साल निघते. चिकात पपेन आणि त्याच्या जातीची प्रथिनं फोडणारी विकरं असतात. वातड मटणाला कच्च्या पपईचा गर चोळतात तो त्यासाठीच. फळ पिकायला लागलं की चीक पातळ होतो, पाण्यासारखा गढूळ दिसतो. पूर्ण पिकल्यावर गरात तो जवळपास राहतच नाही. म्हणजे एकाच झाडाचं एकच फळ, पण महिन्याभराच्या अंतरानं दोन वेगळ्या वस्तू.

आता पुरावा. २००२ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच समजूत उंदरांवर तपासली. गाभण माद्यांना पिण्याच्या पाण्यात निम्मा पिक्या पपईचा रस मिसळून दिला. पाणी पिणाऱ्या माद्यांच्या मानानं पोटातल्या पिल्लांच्या संख्येत फरक पडला नाही. मग गर्भाशयाचे तुकडे बाहेर काढून त्यांवर एकदा पिका रस टाकला, एकदा कच्चा चीक. पिक्या रसानं काही हललं नाही. चिकानं मात्र तुकडा आकसला, ऑक्सिटोसिननं आकसतो तसा. ऑक्सिटोसिन म्हणजे दवाखान्यात कळा वाढवायला देतात ते, आणि काही महाभाग म्हशीला पान्हा सोडायला चोरून टोचतात तेच. दिवस भरत आलेल्या मादीच्या गर्भाशयात तर बहुतेक वेळा आचका आला तो सुटेचना.

हे उंदरांवरचं काम आहे हे मान्य. चीक थेट गर्भाशयावर टाकणं आणि फोड खाणं यातही फरक आहे. त्यामुळं एक फोड खाल्ली की गर्भ पडलाच, असं कुणी सांगत असेल तर तेही खोटं. पण एवढं दिसल्यावर गरोदर बाईला कच्ची पपई खायला सांगायची हिंमत आपण कशाच्या जोरावर करतो?

यावर उत्तर ठरलेलं असतं, "भाजी शिजवली की चीक मरतो." अहो, पपेन साध्या उन्हाळीनं मरत नाही. साठ-सत्तर अंशावर तर ते जोरात काम करतं. खळखळून बराच वेळ उकळल्यावर ते निकामी होत जातं. आणि कोशिंबीर तर शिजवतच नाहीत. शिवाय सिंगापूरचं काम चिकावर होतं, शिजवलेल्या भाजीवर नाही, त्यामुळं शिजवून चालतं असा दाखला त्यातून निघत नाही. नऊ महिने दुसरी भाजी खाल्ली तर काय बिघडतं?

खरी अडचण अर्ध्या कच्च्या फळाची आहे, आणि ती आपणच तयार करतो. शहादा-नंदुरबारकडून तैवान ७८६ लांबच्या बाजाराला जाते, तेव्हा फळावर जेमतेम एक पिवळी रेघ आली की तोडतो. नाहीतर वाटेत मऊ पडतं, हेही खरं. पण भाव तेजीत असला की रेघेचीसुद्धा वाट न बघता माल भरणारे आहेत. असं फळ पावडर मारून वरून पिवळं दिसतं, आत देठाकडं आणि सालीलगत कडक राहतं. गिऱ्हाईक रंग बघून घेतं, आणि तीच फोड सुनेच्या ताटात जाते. मग पुन्हा पपईच बदनाम!

घरी ओळखायचं असं. देठाजवळ सालीला नख मारा. पांढरा थेंब आला तर फळ ठेवून द्या. साल सगळीकडून पिवळी, अंगठ्यानं दाबल्यावर दबते, गर सालीपर्यंत लाल-केशरी, तर ते पिकं. साल जाड काढा. ज्या बाईला रबरी हातमोज्यानं किंवा फुग्यानं अंगावर पुरळ उठतं तिनं मात्र पिकीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण त्या चिकाची आणि या चिकाची ॲलर्जी एकमेकांना धरून असते.

चुकून कच्ची फोड पोटात गेली तर घरात रडारड नको. पोटात कळा आल्या किंवा अंगावरून रक्त गेलं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा. आणि गर्भ पाडायला कच्ची पपई किंवा चीक देणारे अजून गावागावात आहेत. त्यानं काम अर्धवट होऊन बाई रक्तस्रावानं जिवानिशी जाऊ शकते. १९७१ च्या कायद्यानं डॉक्टरकडं त्याची सोय आहे.

व्यापारी या आठवड्यात बिनरेघेचा माल मागतायत. माझ्या बागेतून तो जाणार नाही, किलोमागं दोन रुपये कमी आले तरी.