विश्लेषण : मुलाच्या वर्गशिक्षिकाच समुपदेशनाला आल्या तर? लहान गावातल्या ‘दुहेरी नात्या’चा पेच

तालुक्याच्या गावात एकच मानसशास्त्रज्ञ आहेत. दुसऱ्या गाठायच्या तर ९० किलोमीटर जावे लागते. बुधवारी संध्याकाळी शेवटच्या वेळेला ४१ वर्षांच्या एक शिक्षिका त्यांच्याकडे येतात. दोन महिन्यांपासून पहिल्या तासाआधी त्यांची छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हात बधिर होतात. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी व्यवस्थित आहे. दोनदा त्या शाळेच्या फाटकातून परत फिरल्या आहेत. अडचण एवढीच, की मानसशास्त्रज्ञ बाईंचा मुलगा सातवीत आहे, या त्याच्या वर्गशिक्षिका आहेत आणि शाळेत सातवीची एकच तुकडी आहे.

व्यावसायिक नीतिमत्ता शिकवताना चर्चेला घेतात तशा प्रकारचा हा रचलेला प्रसंग आहे. मोठ्या शहरात त्याचे उत्तर एका ओळीत मिळते : दुसऱ्या कुणाकडे पाठवा. लहान गावात ते उत्तर पुरत नाही.

नियम नेमके काय सांगतो?

उपचार करणारी व्यक्ती आणि उपचार घेणारी व्यक्ती यांच्यात एकाच वेळी दुसरेही नाते असेल, तर त्याला ‘दुहेरी नाते’ म्हणतात. ते नाते शेजाराचे, व्यवहाराचे, शाळेचे किंवा सोयरिकीचे असू शकते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतले ३.०५ हे कलम याच विषयावर आहे. ते सरसकट बंदी घालत नाही. दुसऱ्या नात्यामुळे उपचारकाचा निर्णय ढळण्याची किंवा समोरच्या व्यक्तीचे शोषण वा नुकसान होण्याची रास्त शक्यता असेल, तर त्यापासून दूर राहा, असे ते सांगते. तशी शक्यता नसेल तर असे नाते अनैतिक नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. सध्या उपचार घेत असलेल्या व्यक्तीशी लैंगिक संबंधांना मात्र पूर्ण मनाई आहे. तिथे गाव लहान की मोठे हा प्रश्नच येत नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण बाजारात भेट झाली तर काय करायचे, हे कायदा सांगत नाही. ते उपचारकालाच ठरवावे लागते.

‘नाही’ म्हणणे सुरक्षित का नाही?

नकार दिला की मानसशास्त्रज्ञ बाई मोकळ्या होतात. शिक्षिकेला मात्र प्रत्येक भेटीसाठी एक दिवसाची रजा आणि १८० किलोमीटरचा प्रवास पडतो. शिवाय रजेचे कारण मुख्याध्यापकांना सांगावे लागते, म्हणजे जे लपवायचे तेच आधी उघडे पडते. उलट, होकार दिला तर दोन धोके आहेत. शिक्षिकेला वाटेल की आपली अवस्था आता एका पालकाला कळली. आणि मानसशास्त्रज्ञ बाईंना, नकळत का होईना, मुलाच्या गुणपत्रिकेवर सही करणाऱ्या व्यक्तीला दुखवावेसे वाटणार नाही. एरवी उपचारकाचे पारडे जड असते. इथे प्रत्येकीच्या हातात दुसरीचे काहीतरी आहे.

म्हणून पहिल्या भेटीत लक्षणांची चौकशी होण्याआधी हे नाते उघडपणे बोलले गेले. पर्याय समोर ठेवले गेले : जिल्हा रुग्णालय, दूरच्या तज्ज्ञांशी व्हिडीओवर भेटी, तातडीच्या मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानस क्रमांक. शिक्षिकेच्या घरात सासू-सासरे आणि दोन खोल्या. फोनवर मोकळे बोलायला जागा नव्हती. विचार करायला चार दिवस घेऊन त्यांनी इथेच यायचे ठरवले. मग काही गोष्टी लेखी ठरल्या. पालकसभेला यापुढे मुलाचे वडील जातील. बाहेर भेट झाली तर मानसशास्त्रज्ञ बाई आधी ओळख दाखवणार नाहीत. शिक्षिकेने दाखवली तर दाखवतील. मुलाविषयी इथे बोलायचे नाही. भेटीची वेळ दवाखान्याच्या दारात कुणाची स्कूटर उभी नसेल अशी, दुपारी दोनची, शनिवारी. आणि जिल्ह्याबाहेरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी, नाव-गाव न सांगता, दर महिन्याला चर्चा होईल, हेही शिक्षिकेला सांगितले गेले.

घसरण कशी ओळखायची?

पाच भेटी नीट पार पडल्या. धडधड म्हणजे हृदयविकार नव्हे, हे शरीराला पटावे म्हणून शिक्षिकेने खोलीत मिनिटभर जागच्या जागी धावून ती मुद्दाम आणली. नंतर रिकाम्या शाळेचे फाटक, मग वर्ग, मग प्रार्थनेची वेळ असे टप्पे घेतले.

सहाव्या भेटीत शिक्षिका ओघात म्हणाल्या, ‘‘तुमचा मुलगा हल्ली मधल्या सुट्टीत एकटाच बसतो, मॅडम.’’

मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारले, कधीपासून? मग, कुणाशी भांडण झाले का? मग, तुम्ही लक्ष ठेवाल का? भेटीची शेवटची दहा मिनिटे त्यातच गेली. शिक्षिकेला मदत करता आल्याचे समाधान वाटले. वरवर पाहता कुणाचे काही बिघडले नाही. पण त्या दहा मिनिटांत उपचार घेणारी व्यक्ती उपचारकाची गरज भागवत होती.

थॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबार्ड या मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये मर्यादा ओलांडणे आणि मर्यादाभंग यांत फरक केला. ओलांडणे निरुपद्रवी, कधी उपयोगीही असू शकते. भंगाने माणसाचे नुकसान होते. एकातून दुसऱ्यात जाताना दारावर पाटी नसते. इथे खूण मिळाली ती नोंदवहीत. त्या दिवशीच्या टिपणात मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही दहा मिनिटे लिहिलीच नव्हती आणि महिन्याच्या चर्चेत तो विषय टाळावा असे त्यांना वाटत होते. जे लिहावेसे वाटत नाही आणि सहकाऱ्याला सांगावेसे वाटत नाही, तिथेच बहुधा गडबड असते.

त्यांनी ते सहकाऱ्याला सांगितले. उपचार मध्येच थांबवावेत का, यावर दोघांचे एकमत सहज झाले नाही. शाळेत पुन्हा जाऊ लागलेल्या शिक्षिकेला या टप्प्यावर दुसरीकडे पाठवणे म्हणजे चूक एकीची आणि किंमत दुसरीने मोजायची, असा सूर शेवटी ठरला. सातव्या भेटीत मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, ‘‘मागच्या वेळी मी तुमची दहा मिनिटे माझ्यासाठी वापरली. ती चूक माझी होती. माझ्या मुलावर लक्ष ठेवणे ही तुमची इथली जबाबदारी नाही.’’ त्या भेटीची फी त्यांनी घेतली नाही. पुन्हा असे घडले तर उपचार दुसऱ्या तज्ज्ञाकडे सोपवायचे, हेही ठरले. आणि मुलाच्या एकटेपणाचे? ते वडिलांनी मुलालाच विचारून सोडवायचे होते. खोलीत कळलेली गोष्ट घरी नेता येत नाही. पण मुलाशी बोलायला ती कळण्याची गरजही नव्हती.

हळदीकुंकवाला मुख्याध्यापक बाईंनी सहज विचारले, ‘‘आमच्या बाई तुमच्याकडे येतात म्हणे?’’ इथे ‘नाही’ म्हणणेही धोक्याचे. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाबद्दल गप्प राहिले की त्याचा अर्थ ‘हो’ होतो. ‘‘कोण येते, कोण नाही, हे मी कुणाबद्दलच सांगत नाही,’’ हे उत्तर त्यांनी पहिल्या वर्षीच पाठ करून ठेवले होते.

बाराव्या भेटीनंतर उपचार संपले. शिक्षिका पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मुलाला गणिताची शिकवणी फुकट देते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी पेढे घेतले. शिकवणीला नकार दिला आणि त्याचे कारण तिथेच सांगितले : असा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, आणि तसे झाले तर मुलाची शिकवणी अडेल म्हणून त्यांना या दारात यायला संकोच वाटता कामा नये.