बेरीज आधी, भांडण नंतर

एका स्वयंसेवी संस्थेत काम करणारी माझी मैत्रीण मागच्या महिन्यात वार्षिक मूल्यमापनाचा कागद घेऊन घरी आली. एकूण गुण 5 पैकी 3.2. वेतनवाढीसाठी निदान 3.5 हवेत. ‘पुढाकार’ या बाबीत मिळालेले 2 गुण तिला लागले होते. संध्याकाळच्या बैठकांना ती थांबत नाही, कारण शेवटची बस चुकते. मी म्हटलं, त्यावर भांडूच, पण आधी हिशोब तपासू.

पाच बाबींचे गुण असे: वस्तीतलं काम 4, नोंदी 4, प्रशिक्षण 3, सहकार्य 3, पुढाकार 2. त्यांचे भार शेकडा 40, 20, 20, 10 आणि 20. प्रत्येक बाबीचे गुण तिच्या भाराने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि भारांच्या बेरजेने भागायचं. 160, 80, 60, 30 आणि 40 मिळून 370 झाले. पण भारांची बेरीज 100 नव्हे, 110 आली! 100 ने भागलं तर 3.70, 110 ने भागलं तर 3.36. छापलेला 3.2 दोन्हींत नाही. मग पाच बाबींची साधी सरासरी काढली. 16 भागिले 5, बरोबर 3.2. म्हणजे भार कागदावर होते, हिशोबात नव्हतेच. असा आकडा जुळेनासा झाला, की साधी सरासरी आधी काढून पाहावी.

मैत्रीण म्हणाली, “मग 3.70 मागू या.” मला ते पटलं नाही. 110 पैकीच्या बेरजेला 100 ने भागणं हीसुद्धा चूकच, फक्त आपल्या सोयीची. खरा प्रश्न होता, हे जादा 10 आले कुठून? वर्षाच्या सुरुवातीला दिलेलं पत्र तिने जपून ठेवलं होतं. त्यात पुढाकाराचा भार 10 च होता. तो मधेच दुप्पट झाला, बाकीचे तसेच राहिले. मूळ भारांनी बेरीज 350, म्हणजे नेमके 3.50.

तिने दोन्ही कागद जोडून लेखी विचारणा केली. संस्थेने दुरुस्ती केली आणि वेतनवाढ मिळाली.

मैत्रिणींनो, अन्याय झाला की आपण थेट हेतूवर बोट ठेवतो. समोरचा “तुमचा गैरसमज झालाय” म्हणतो आणि विषय संपतो. बेरजेला गैरसमज म्हणता येत नाही. म्हणून वर्षारंभीचं भारांचं पत्र मागून घ्या, जपून ठेवा.

पण बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला असंही नाही. ते 2 गुण अजून तसेच आहेत. बस चुकवून थांबणं म्हणजेच पुढाकार, हे ठरवलं कोणी? त्याचं उत्तर गणितात नाही. ते आता वेगळ्या पत्राने मागायचं आहे.